फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल

मालकांनी लेथवरच्या माणसाच्या तोंडावर व्हर्नियर फेकून मारला, त्या दुपारी मी ती नोकरी सोडायचं ठरवलं. व्हर्नियर म्हणजे माप घ्यायचं स्टीलचं हत्यार, हातभर नसलं तरी चांगलं जड. त्या माणसाचा वरचा ओठ फाटला आणि पुढचा एक दात मुळापासून हलला. तो खाली बसला, तोंडाला तेलकट फडकं लावलं आणि पाच मिनिटांनी उठून पुन्हा मशिनवर उभा राहिला. मशिन कुणीच बंद केलं नव्हतं. कारण कळायला वेळ लागला नाही. सकाळी त्याच्या हातचा एक लॉट मी नापास केला होता. क्वालिटीचं काम माझ्याकडं होतं. भोक दोन दशांश मिलिमीटर मोठं निघालं होतं आणि मी कागदावर सही करून लाल पेटीत माल टाकला होता. मार त्यानं खाल्ला, पण तो माझ्या सहीमुळं.

बेळगावच्या उद्यमबागेत हे युनिट. पन्नासेक माणसं, सीएनसी मशिनांच्या दोन रांगा, मागं जुने लेथ. मालक अंगानं लहान, पण हात चालवायला एकदम तयार. कधी कानफटात, कधी पाठीत बुक्की, कधी हातात असेल ते फेकून. पगार वेळेवर व्हायचा, म्हणून माणसं टिकून होती. माझ्यापर्यंत तो हात अजून आला नव्हता, कारण मी डिप्लोमा झालेला आणि गिऱ्हाइकांशी इंग्रजीत बोलणारा. मला मात्र माराचं नवल नव्हतं. आमच्या आप्पांनी मला बैलाच्या कासऱ्यानं मारलेलं आहे, विहिरीच्या कडेला उभं करून. घरात कुणी रागावला की हात आधी उठायचा आणि शब्द मागून यायचे. हे माझ्यातही आलेलं होतं. मी ते नाकारत होतो एवढंच.

त्या शनिवारी मी माझ्या मित्राला सगळं सांगितलं. तो आमच्याच कंपनीत, वर काचेच्या खोलीत कॉम्प्युटरवर ड्रॉइंगं करायचा. निपाणीचा. त्याच्या वडलांनी तंबाखूच्या वखारीत पोती वाहिली, आईनं त्याच वखारीत तंबाखूच्या काड्या निवडल्या, आणि घरातला पहिला इंजिनीअर तो झाला. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. माझं गाव निपाणीच्या अलीकडं, शेतवडीचं; आप्पा आणि बायको तिथंच. सहा वर्षं दर शनिवारी आम्ही दोघं माझ्या मोटारसायकलवरून हायवेनं गावाकडं यायचो. तो मागं बसून अखंड बोलायचा आणि वाऱ्यात मला त्यातलं निम्मं ऐकू यायचं.

रविवारी सकाळी मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं चहा आणि शेंगदाण्याची चटणी लावलेली भाकरी दिली. त्यानं लॅपटॉप उघडला. नोकरीधंद्याच्या ओळखींची जी साइट आहे, जिथं माणसं आपापला फोटो, शिक्षण, अनुभव टाकून ठेवतात, तिथं माझं खातं होतं, पण धूळ खात पडलेलं. त्यानं ते नीट करायला घेतलं. सगळ्यांत आधी त्यानं खात्याला जोडलेला ईमेल बघितला. तो कंपनीचा होता. तो काढून त्यानं माझा घरचा घातला, कारण नोकऱ्यांच्या सूचना ईमेलवर येतात आणि कंपनीच्या ईमेलवर आल्या तर ऑफिसातला कुणीही वाचेल, असं तो म्हणाला.

मग त्या सूचना लावल्या. क्वालिटी इंजिनीअर, पुणे. क्वालिटी इंजिनीअर, कोल्हापूर. माझ्या सांगण्यावरून तिसरी बेळगावचीही, बाजारात काय चाललंय ते कळावं म्हणून. रोज पाहिजेत की आठवड्यातनं एकदा, ईमेलवर की फोनवर, असं साइट विचारत होती. मी रोज म्हणालो. या सूचना आपल्याशिवाय कुणाला दिसत नाहीत, असं त्यानं सांगितलं. फक्त एक बटण होतं. ज्या कंपनीच्या नावानं तुम्ही सूचना लावली, तिच्या भरतीवाल्यांना तुमचा रस कळवायचा का, असं ते विचारायचं. ते त्यानं बंद ठेवलं.

अर्जाबद्दलही मला भीती होती. मी अर्ज केला की माझ्या ओळखीतल्या सगळ्यांना दिसेल का, असं मी दोनदा विचारलं. तो हसला. अर्ज फक्त जाहिरात देणाऱ्याकडं जातो, बाकी कुणाला नाही, तो म्हणाला. पण एकदा गेला की गेला, आपल्या हातानं मागं घेता येत नाही, म्हणून नीट बघून पाठव.

शेवटी आपण नोकरी शोधतोय हे सांगायचा भाग आला. तिथं दोन रस्ते होते. एक सगळ्यांना सांगायचा, मग फोटोभोवती हिरवी कड येते आणि अख्ख्या गावाला कळतं. दुसरा फक्त भरती करणाऱ्यांना सांगायचा. मी अर्थातच दुसरा निवडला. कुठलं काम, कुठलं गाव आणि कधीपासून, हे भरायचं होतं. मी सांगितलं, पुणे, कोल्हापूर, आणि लगेच. त्यानं ते टाइप केलं आणि खालची बारीक ओळ बोटानं दाखवली.

“हे वाच. तुझ्या कंपनीतल्या भरतीवाल्यांस्नी दिसू नये म्हणून साइट खटपट करते, पण पक्की खात्री देत न्हाय, असं लिवलंय.”

“आपल्या कंपनीत भरतीवाला हाय कोण? मालकच हाय,” मी म्हणालो. “त्येला फोनवर फोटो पाठवता येत न्हाय.”

आम्ही हसलो. ती ओळ मी वाचली नाही. अनोळखी भरतीवाल्यांना आपल्याला मेसेज पाठवू द्यायचे का, तेही त्यानं विचारलं आणि मी हो म्हणालो. नाहीतर खटाटोप कशासाठी केला होता?

पुढचे तीन आठवडे मी फोनला चिकटून होतो. पुण्यात चार अर्ज केले, कोल्हापुरात एक. कधी साइट सांगायची, तुमचा अर्ज बघितला गेला. तेवढ्यानं दिवस गोड जायचा. रोज सकाळी सूचना यायच्या. एका बुधवारी जेवणाच्या सुट्टीत एक मेसेज आला. बेळगावातल्या कुठल्याशा प्लेसमेंट एजन्सीच्या बाईंचा. उद्यमबागेतल्या एका नवीन युनिटला क्वालिटीचा मुख्य माणूस पाहिजे, कंपनीचं नाव आत्ता सांगता येत नाही, रस आहे का? खाली तयार उत्तरांची बटणं होती. मी ‘रस आहे’ दाबलं, डबा उघडला आणि विसरून गेलो. बेळगावात मला राहायचंच नव्हतं. मग का दाबलं? कुणीतरी विचारतंय याचंच बरं वाटलं होतं.

शुक्रवारी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं नाही. ते मुद्दाम लावलं नाही, हे मला नंतर कळलं. बाहेर दोन्ही रांगांवरची माणसं उभी होती आणि काचेतून सगळं दिसत होतं.

“पुणे, कोल्हापूर,” मालक फोनकडं बघत वाचू लागले. “लगेच. लगेच जायाचंय व्हय तुला?”

मालक टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी माझ्या कानशिलात दिली. चष्मा उडाला. मी वाकून चष्मा उचलायला गेलो तेव्हा कमरेत लाथ बसली आणि माझं कपाळ कपाटाच्या कडीवर आपटलं. हे सगळं फार तर दहा सेकंदांत झालं. मी उलट हात उगारला नाही. उभं राहून चष्मा घातला. त्याची एक काच तडकली होती.

“मला कोण सांगितलं म्हणून बघतोयस? तुझ्या ताटात जेवणारंच सांगत्यात,” ते म्हणाले.

मी कोण म्हणून विचारलं. त्यांनी वरच्या काचेच्या खोलीकडं मान वळवून बघितलं. त्या बघण्याला काही अर्थ होता की नव्हता, हे मला आजही माहीत नाही. पण पुणे, कोल्हापूर आणि लगेच, हे तीन शब्द एकत्र मी आयुष्यात एकाच माणसाजवळ बोललो होतो.

मी जिन्यानं वर गेलो नाही. खाली गेटबाहेर जाऊन मोटारसायकलजवळ उभा राहिलो. कपाळावरून रक्त भुवईपर्यंत उतरत होतं आणि मी ते पुसत नव्हतो. काचेतून बघणारे सगळे चेहरे डोळ्यांपुढून हलत नव्हते. मालकांचा राग मला आलाच नाही, हे मी इथं कबूल करतो. मालकांनी मारलं हे जसं काही ठरलेलंच होतं. राग सगळा दुसरीकडं साचत गेला.

सुट्टीचा भोंगा झाला आणि तो बाहेर आला. माझं कपाळ बघून तो पळतच आला. “अरं, काय झालं रं?” असं म्हणून त्यानं माझ्या दंडाला धरलं. मी उजव्या हातानं त्याच्या डाव्या कानावर पूर्ण ताकदीनं चापट मारली. तो आवाज मला ठाऊक होता. रिकाम्या डब्यावर हात आपटावा तसा. तो वाकला. डाव्या हातात हेल्मेट होतं. ते मी त्याच्या तोंडावर मारलं, मग पुन्हा मारलं. तो गुडघ्यांवर पडला. मी त्याच्या बरगडीत बुटाची लाथ घातली. “मालकाला सांगितलंस व्हय?” असं मी ओरडत होतो. आणि मारता मारता मी त्याच्या जातीवरून एक शब्द बोललो. तो मी इथं लिहिणार नाही. सहा वर्षं त्याच्या आईच्या हातची भाकरी खाणाऱ्या माझ्या तोंडात तो शब्द इतक्या सहज कुठून आला? तो तिथं होताच, म्हणून आला.

लोकांनी मला मागं ओढलं. त्यांत लेथवरचा तो फाटक्या ओठाचा माणूस होता. त्यानं दोन्ही हातांनी मला मिठी मारून धरलं होतं आणि तो एकच म्हणत होता, “बास करा साहेब, बास करा.” मित्राच्या भुवईवरचं कातडं उघडं पडलं होतं. डावा कान धरून तो जमिनीकडं बघत बसला होता. त्यानं एकदाही हात उचलला नाही. मी सांगितलं न्हाय, एवढंही तो म्हणाला नाही. तो ओरडला असता, त्यानं शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

सरकारी दवाखान्यात त्याच्या भुवईला सात टाके पडले. कानाचा पडदा फाटला होता. दवाखान्यातूनच पोलिसांना कळवलं गेलं आणि त्यानं जबाब दिला. मला संध्याकाळी बेळगावच्या खोलीवरून उचललं. पोलीस स्टेशनात एका हवालदारानं कन्नडमध्ये मला विचारलं की हेल्मेट कुठं आहे. मी मराठीत उत्तर दिलं म्हणून नव्हे, तर उत्तर द्यायला उशीर केला म्हणून त्यानं मला तळपायावर काठीनं मारलं. सहा, सात वेळा. मी मोजायचा प्रयत्न करत होतो, म्हणजे दुसरं काही मनात येऊ नये.

हेल्मेटनं मारल्यामुळं कलम जड लागलं आणि मला हिंडलग्याला पाठवलं. चार दिवस मी त्या जेलात होतो. बराकीत एकाशेजारी एक झोपायचं, कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवून. पहिल्याच दुपारी ताटावरून दोघं भिडले आणि एकानं दुसऱ्याचा अंगठा दातानं फाडला. मी भिंतीला टेकून बघत राहिलो. मला त्या दोघांत आणि माझ्यात फरक शोधायचा होता. शोधून सापडला तो एवढाच, की त्यांची ओळख नव्हती.

पाचव्या दिवशी जामीन झाला. आप्पा जेलच्या दारात उभे होते. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी हात उचलला आणि तो तसाच वर राहिला. मग त्यांनी तो हात खाली घेतला आणि चालू लागले. बसमध्ये त्यांनी एवढंच सांगितलं, की दोघांचीही नोकरी गेली आहे. गेटवर मारामारी केल्याबद्दल मालकांनी दोघांनाही काढलं होतं. मार खाणाऱ्यालाही.

घरी पोचल्यावर मी फोन चार्जिंगला लावला. पाच दिवसांच्या सूचना एकापाठोपाठ पडल्या. त्यांत बेळगावची एक होती. क्वालिटीचा मुख्य माणूस, उद्यमबाग. जाहिरात त्याच एजन्सीची. मला सगळं खातंच पुसून टाकायचं होतं म्हणून मी साइट उघडली, तर मेसेजच्या खान्यात त्या बाईंचा दुसरा मेसेज होता, गुरुवारचा. मी मारामारी केली त्याच्या आदल्या दिवसाचा. सूचनांच्या गर्दीत तो मी उघडलाच नव्हता.

त्यांनी लिहिलं होतं, क्षमा करा, तुम्ही याच मालकांच्या दुसऱ्या युनिटमध्ये काम करता हे मला माहीत नव्हतं. यादी पाठवल्यावर त्यांनीच सांगितलं. तुमचं नाव मी काढून टाकलं आहे.

मी तो मेसेज उभ्यानं वाचला आणि मग जमिनीवर बसलो. बायकोनं काय झालं म्हणून विचारलं. मी मोरीत जाऊन ओकलो.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंच्या ऑफिसात गेलो. टिळकवाडीत एका झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची खोली होती. सुजलेल्या पायांमुळं मी जिना कठड्याला धरून चढलो. बाई मध्यमवयाच्या, शांत बोलणाऱ्या. मी कोण हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांच्यावर ओरडायला गेलो होतो. मी एवढंच विचारलं, की फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल असं ठेवलं होतं, मग मालकांना दिसलं कसं?

“फक्त भरती करणारे म्हणजे माझ्यासारखे सगळे,” त्या म्हणाल्या. “साइट तुमची माहिती लपवायला बघते ती तुमच्याच कंपनीच्या भरतीवाल्यांपासून. मी तुमच्या कंपनीत नाही. मी बाहेरची आहे. मला दिसणारच.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. आमच्या मालकांनी बायकोच्या नावानं नवीन युनिट काढलं होतं. त्याचं नाव वेगळं आणि कागदोपत्री ते वेगळंच. बाईंनी त्या युनिटसाठी साइटवर शोध घेतला, क्वालिटीचा माणूस, बेळगाव, नोकरी शोधत असलेला. माझं नाव सगळ्यांत वर आलं. माझ्या पानावर जुन्या युनिटचं नाव होतं, त्यामुळं त्यांना काही शंका आली नाही. मी ‘रस आहे’ दाबलं, तेव्हा त्यांनी पाच जणांची यादी केली, प्रत्येकाच्या पानाचा फोटो काढला आणि मालकांना फोनवर पाठवला. त्या फोटोतच ओळ होती. पुणे, कोल्हापूर, लगेच.

म्हणजे माझी खबर मालकांना मीच पोचवली होती. माझ्याच बोटानं, डबा उघडता उघडता. ताटात जेवणारं कुणी बोललंच नव्हतं; मालकांनी ते नुसतं डिवचायला म्हटलं होतं.

“कुणाला काही लागलं का?” बाईंनी माझ्या कपाळाकडं बघत विचारलं. मी हो म्हणालो आणि खाली उतरलो.

मी तिथूनच निपाणीची बस पकडली. जामिनाच्या अटीत लिहिलं होतं की तक्रारदाराला भेटायचं नाही. मला ते माहीत होतं. तरी गेलो. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत पाऊल टाकलं तेव्हा ओट्यावर त्याचा धाकटा भाऊ बसला होता. तीस वर्षांचा, ट्रकवर ड्रायव्हर. त्यानं मला ओळखलं आणि तो उठला. पहिला ठोसा हनुवटीवर बसला. दुसरा तोंडावर. माझी दाढ तुटली आणि तुकडा जिभेवर आला. मी हात खालीच ठेवले. तो मारत राहिला आणि मी उभा राहिलो. तिसऱ्या की चौथ्या ठोशाला मी पडलो तेव्हा त्यानं माझ्या मानेवर गुडघा ठेवला. मला श्वास घेता येईना आणि त्या क्षणी मला खरंच वाटलं की हा संपवणार. सुटण्याची धडपड मात्र मी केली नाही. त्यात मोठेपणा काही नव्हता. मला कुणीतरी मारावं असं पाच दिवस वाटत होतं.

आतून त्याची आई आली. तिनं धाकट्याचे केस धरून त्याला मागं ओढलं. ती माझ्याकडं बघत उभी राहिली आणि म्हणाली, “ऊठ. आमच्या दारात मरू नगंस.”

मित्र आतल्या खोलीत होता. भुवईवर पट्टी, डाव्या कानात कापूस. मी दारातच खाली बसलो. तोंडातलं रक्त मी रुमालात थुंकत होतो. मी त्याला सगळं सांगितलं. एजन्सी, दुसरं युनिट, यादी, फोटो, आणि मी दाबलेलं बटण. तो मान तिरकी करून ऐकत होता, उजवा कान माझ्याकडं करून. माझं संपल्यावर त्यानं कानातला कापूस नीट बसवला.

“मला शुक्रवारीच कळलंतं,” तो म्हणाला. “तू मारत होतास तवा. मी सांगितलं न्हवतं, मग दुसरं काय असणार? एजन्सीनं यादी दिली असणार. हे असंच होतंय.”

“मग बोलला का न्हाईस?”

“तू ऐकणार होतास?”

मग मला तो शब्द आठवला. मला त्याबद्दल बोलायचं होतं, पण माफी मागायला तोच शब्द पुन्हा उच्चारावा लागेल असं वाटून मी अडलो. त्यानं ते ओळखलं.

“त्यो शब्द मी जबाबात घातला न्हाय,” तो म्हणाला. “घातला असता तर तुला अजून जामीन मिळाला नसता. पण तुझ्यासाठी न्हाय हं. आईला कोर्टात बसून त्यो ऐकाय लागला असता. तिनं आयुष्यभर ऐकलाय. म्हणून न्हाय घातला. तू मला मारलंस ते मी कधीतरी विसरंन. त्यो शब्द न्हाय.”

मी उठलो. जाताना त्याची आई चुलीपुढं पाठमोरी बसलेली होती. तिनं वळून बघितलं नाही.

खटला सव्वा वर्ष चालला आणि शेवटी तडजोडीवर आला. त्याच्या कानाचं एक ऑपरेशन झालं, तरी त्या बाजूनं त्याला पूर्ण ऐकू येत नाही. दवाखान्याचा खर्च मी दिला. तो त्यानं घेतला, कारण ते घेणं त्याचा हक्क होता. मधल्या काळात कोल्हापुरातल्या त्या एका अर्जाचं उत्तर आलं आणि मला तिथल्या एमआयडीसीत काम लागलं. मुलाखतीत मी खटल्याबद्दल सांगितलं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मग घेतलं. साइटवरचं माझं खातं मी पुसलं नाही. फक्त नोकरी शोधतोय हे सांगणारी ओळ काढली, अनोळखी भरतीवाल्यांचे मेसेज बंद केले आणि बेळगावची सूचना काढून टाकली. मालकांनी मला मारलं त्याची तक्रार मी केली नाही. वकील म्हणाले होते की करा. पण तिथं उभं राहून मला मारलं असं म्हणायची माझी लायकी राहिली नव्हती. ते बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, कारण मालकांचा हात तसाच चालू आहे असं मी ऐकतो.

कोल्हापूरच्या कारखान्यात एकदा एका ऑपरेटरनं मापाचं रीडिंग खोटं लिहिलं. मी त्याच्या अंगावर गेलो. माझा उजवा हात खांद्यापर्यंत वर गेलेला मलाच दिसला. तो माणूस डोळे मिटून उभा होता, जसं काही पुढचं सगळं त्याला माहीत होतं. मी हात खाली घेतला, बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं आणि बराच वेळ आत आलो नाही. त्या दिवसापासून रीडिंगबद्दल बोलायचं असेल तर मी खाली बसून बोलतो. उभं राहत नाही.

तडजोडीच्या दिवशी आम्ही बेळगावच्या कोर्टात समोरासमोर आलो. न्यायाधीशांनी त्याला विचारलं की कुणाच्या दबावाखाली तडजोड करताय का. तो नाही म्हणाला. मला माफी मागायला सांगितली. मी सगळ्यांसमोर मागितली. तो शब्द सोडून बाकी सगळ्याची, कारण तो शब्द कागदावर नव्हता.

बाहेर व्हरांड्यात वकिलांची आणि पक्षकारांची गर्दी होती. मी त्याच्यापुढं हात केला. त्यानं हाताकडं बघितलं आणि आपला हात खिशातच ठेवला. तो सध्या घरूनच पुण्याच्या एका कंपनीसाठी ड्रॉइंगं करतो, एवढं त्यानं सांगितलं. मी कोल्हापूरचं सांगितलं. त्यानं मान हलवली. मग गर्दीतून वाट काढत तो बसस्टँडकडं निघाला. मी पायऱ्यांवर उभा होतो. मी मागून त्याला हाक मारली, पण डाव्या बाजूनं. ती त्याला ऐकू गेली नाही. किंवा गेली असेल.